शून्याचा नाद

घड्याळजी म्हणून माझ्या हातून जी घड्याळं बिघडली, त्यांतली बरीचशी माझ्याकडे आली तेव्हा चांगली चालत होती. हे वाक्य दुकानाच्या पाटीवर लिहिण्यासारखं नाही, पण आता पाटी मुलाच्या नावाची आहे, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

दुकान सांगलीत, वडिलांनी थाटलेलं. वडिलांकडे चाल तपासायचं यंत्र नव्हतं. ते घड्याळ कानाशी धरायचे, डोळे मिटायचे आणि "हं" म्हणायचे. मग आठ दिवस ते भिंतीवरच्या खिळ्याला टांगून ठेवायचे आणि रोज सकाळी आकाशवाणीच्या टिपांशी मिळवून पाहायचे. एवढा वेळ गिऱ्हाईकाकडे असायचा आणि त्यांच्याकडेही. मी मात्र घाईत होतो. दुकान माझ्याकडे आल्यावर काही वर्षांनी मी टायमिंग मशीन घेतलं. छोटी डबी, तिला एक माईक, आणि पडद्यावर आकडे. घड्याळ चिमट्यात बसवलं की अर्ध्या मिनिटात ते दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे जाईल हे दिसायचं. गिऱ्हाईक वाकून बघायचं. आकडा शून्य आला की त्याचा चेहरा फुलायचा आणि माझाही. त्या शून्याचा मला नाद लागला, आणि पुढची काही वर्षं तो मला महागात पडला.

पहिला फटका एका इंजिनिअर मुलाच्या घड्याळावर बसला. नवं जपानी ऑटोमॅटिक, पहिल्या पगारातून घेतलेलं. "काका, दिवसाला चौदा सेकंद पुढे जातं. एवढे पैसे दिले, आणि मित्राचं साधं सेलवालं घड्याळ याच्यापेक्षा बरोबर चालतं." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण मी त्याला जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही.

सांगायला हवं होतं ते असं. त्याच्या घड्याळाच्या जातीचं मशीन, म्हणजे सेइकोचं ४आर३६, तासाला २१,६०० ठोके देतं. दिवसाचे ठोके होतात ५ लाख १८ हजार ४००. चौदा सेकंद पुढे म्हणजे त्यातले फक्त ८४ ठोके जास्तीचे. आणि हे सगळं सांभाळणार कोण, तर केसासारखी एक स्प्रिंग आणि तिच्या जिवावर पुढेमागे झुलणारं एक चाक. कंपनी स्वतः या मशीनसाठी दिवसाला ३५ सेकंद मागे ते ४५ सेकंद पुढे एवढी सूट पुस्तिकेत छापते. त्यापेक्षा बरंच कडक माप हवं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या सीओएससी या संस्थेचा क्रोनोमीटरचा दाखला असतो. तिथे मशीन पंधरा दिवस पाच वेगवेगळ्या स्थितींत आणि तीन तापमानांत तपासतात, आणि दिवसाची सरासरी चाल ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे यांच्या आत लागते. म्हणजे जगातली नावाजलेली, लाखो रुपयांची घड्याळंसुद्धा दिवसाला पाच सेकंद पुढे गेली तर पास होतात. मुलाच्या घड्याळाचे चौदा सेकंद हे त्याच्या जातीला चांगलेच म्हणायचे.

मी म्हटलं, "आण इकडे, शून्यावर आणून देतो."

मागचं झाकण उघडलं की बॅलन्स व्हीलच्या वर एक बारीक दांडी दिसते. ती एका बाजूला सरकवली की हेअरस्प्रिंगची कामाची लांबी कमी होते आणि घड्याळ पळतं, दुसरीकडे सरकवली की मंदावतं. केसाइतकी हलली तरी पंधरा-वीस सेकंदांचा फरक. मी डायल वर करून घड्याळ मशीनवर ठेवलं, दांडीला चिमट्याचं टोक लावलं, आणि पडद्यावर शून्य आणून दाखवलं. मुलगा खूश. आठवड्याने परत आला. "काका, आता दहा सेकंद मागे पडतंय."

पडणारच होतं. डायल वर असताना बॅलन्सच्या धुरीचं टोक एका बिंदूवर टेकून फिरतं, घासणं कमीत कमी. मनगटावर घड्याळ बहुतेक वेळ कडेवर असतं, धुरी बाजूने घासते आणि चाल बदलते. चांगल्या मशीनमध्येही स्थिती बदलली की दहा-पंधरा सेकंदांचा फरक सहज येतो. माझं शून्य टेबलावर उताण्या पडलेल्या घड्याळाचं होतं, आणि तो मुलगा काही टेबलावर झोपून नोकरी करत नव्हता. मी पुन्हा दांडी सरकवली. मग तो पुन्हा आला. शेवटी एकदा, संध्याकाळची वेळ, समोर तीन गिऱ्हाइकं, आणि चिमट्याचं टोक दांडीवरून घसरून हेअरस्प्रिंगमध्ये गेलं. स्प्रिंगचे वेढे एकमेकांत अडकले. घड्याळ त्या क्षणापासून दिवसाचा हिशेबच सोडून पळायला लागलं.

वेढे सोडवायचा प्रयत्न केला. स्प्रिंग परत सपाट बसली नाही. बॅलन्स स्प्रिंगसकट नवा आणावा लागला, तो मुंबईहून, माझ्या खर्चाने. मुलाला मी "एक पार्ट सदोष निघाला" असं सांगितलं. खोटंच होतं. पार्ट शंभर टक्के निर्दोष होता.

त्या मुलाला खरं तर दांडीची गरजच नव्हती. चार-सहा सेकंदांचा फरक रात्री घड्याळ कसं ठेवतो यावरही मोडता येतो. डायल वर करून ठेवलं तर एक चाल, चावी वर करून उभं ठेवलं तर दुसरी. कोणत्या बाजूने ते पुढे जातं आणि कोणत्या बाजूने मागे, हे घरी आठवडाभर बघितलं की कळतं, आणि दिवसाचा फरक रात्री फेडून टाकता येतो. झाकण उघडावं लागत नाही. मला हे माहीत होतं. पण त्यात मजुरी नव्हती.

इथवरचं नुकसान पैशाचं. गुरुजींच्या घड्याळाचं तसं नव्हतं.

गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांच्याकडे एचएमटीचं जनता होतं, नोकरी लागली तेव्हा घेतलेलं. बंगळुरूच्या कारखान्यात एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने १९६१ पासून घड्याळं बनवायला सुरुवात केली, आणि जनता हे त्यांचं खरोखर जनतेच्या हातावरचं घड्याळ. रोज चावी द्यायची, तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. कानाशी धरलं की ठोके मोजता येतील इतके सावकाश आणि स्वच्छ.

गुरुजी रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्यायचे, रेडिओच्या टिपांशी घड्याळ मिळवून पाहायचे आणि फरक वहीत लिहायचे. हो, वहीत. शाळेची हजेरी संपली, घड्याळाची सुरू झाली, असं ते स्वतःच म्हणायचे. जनताला चावी बाहेर ओढली तरी सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे ते सेकंदाला सेकंद लावून बसत नसत. फक्त कालच्यापेक्षा आज किती, एवढंच टिपत. पद्धत म्हणून ही अगदी बरोबर आहे. घड्याळ किती चुकीचं आहे ते महत्त्वाचं नसतं, चोवीस तासांत किती सरकलं ते महत्त्वाचं. आणि एका दिवसाचा आकडा धरण्यापेक्षा सात दिवसांचा फरक काढून सातने भागलेला बरा. डोळ्याची एखाद्या सेकंदाची चूक त्यात विरून जाते.

ते आले तेव्हा म्हणाले, "पूर्वी दहा-पंधरा सेकंद पुढे जायचं. हल्ली मागे पडायला लागलंय. आता तर मिनिटाच्या वर." आणि वही काउंटरवर ठेवली.

मी ती उघडली नाही. माझ्याकडे मशीन होतं ना.

त्या वहीत काय होतं हे मला नंतर कळलं, आणि सगळं निदान तिथेच होतं. कित्येक वर्षं सलग अधिक दहा, अधिक बारा, अधिक पंधरा. मग एका पावसाळ्यानंतर अधिक पाच, शून्य, उणे आठ. पुढच्या उन्हाळ्यात उणे तीस. आणि आता उणे सत्तर-पंचाहत्तर. एका रात्रीत काही घडलेलं नव्हतं. घड्याळ पडलं नव्हतं, पाण्यात गेलं नव्हतं. आकडा महिन्यामहिन्याने एकाच दिशेने सरकत होता. शेवटचं ऑइलिंग कधी झालं होतं तेही पहिल्या पानावर तारखेसकट होतं. त्याला आठ वर्षं होऊन गेली होती. वही वाचणारा माणूस एवढंच म्हणाला असता, तेल सुकलंय.

मी घड्याळ डायल वर करून मशीनवर ठेवलं. चाल दिसली, उणे ७५. तिच्या शेजारी आणखी एक आकडा होता, झोका. बॅलन्स व्हील मधल्या जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं त्याचं हे माप. पूर्ण चावी दिलेल्या निरोगी घड्याळात डायल वर असताना तो २७० ते ३०० अंशांच्या आसपास असावा. कडेवर धरलं की तीसेक अंशांनी उतरतो, ते ठीक. गुरुजींच्या घड्याळात डायल वर असताना, नुकती पूर्ण चावी दिलेली असताना, झोका होता १८५. मी तो पाहिला. 'जुनं आहे, एवढं चालायचंच' असं म्हणालो, स्वतःशीच, आणि दांडी सरकवली. चाल अधिक ३ वर आली. घड्याळ कडेवर फिरवून पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर झोका आणखी खाली आणि चाल कुठच्या कुठे दिसली असती, आणि मग मला दुकान बंद करायच्या वेळी ते उघडावं लागलं असतं.

ताप उतरावा म्हणून थर्मामीटर झटकावा, तसं मी केलं होतं.

तेल सुकलं की चाकं जड फिरतात, स्प्रिंगची ताकद बॅलन्सपर्यंत पुरती पोचत नाही, झोका आखडतो. आणि झोका आखडला की बॅलन्सला मिळणाऱ्या प्रत्येक धक्क्याचा त्याच्या फिरण्यावर जास्त परिणाम होतो. बहुधा घड्याळ मागे पडतं, एखादं पुढेही जातं. म्हणजे उणे ७५ हा आजार नव्हता, आजाराची खूण होती. दांडी सरकवून मी खूण पुसली, आणि आजार आत राहिला. गुरुजींनी पैसे दिले, मोड घेतली, आणि वहीत त्या दिवशी लिहिलं, 'दुरुस्त'.

काही महिने ठीक गेले. मग पुन्हा मागे पडायला लागलं. पुन्हा आले, पुन्हा मी दांडी सरकवली. दांडी आता पुढच्या टोकाला जवळजवळ टेकली होती. दांडी मधल्या जागेपासून इतकी लांब गेलेली दिसली तर कुणाही घड्याळजीने तिथेच थांबायला हवं. मला ते दिसलं, पण पडद्यावर चाल शून्याजवळ होती.

त्यानंतर ते बंद पडूनच आलं.

या वेळी मशीन पूर्ण सोडवलं. तेलाची काळी चिकट खळ झाली होती, आणि तिसऱ्या चाकाच्या पिव्हटभोवती लालसर तपकिरी भुकटी. ही भुकटी म्हणजे पोलादाचीच. सुकलेल्या तेलात धूळ मिसळली की ते तेल राहत नाही, पॉलिशपेपर होतो. भिंगाखाली पिव्हटवर गोल खाच पडलेली स्वच्छ दिसत होती. वेळीच धुऊन तेल घातलं असतं तर एवढ्या कामात घड्याळ आणखी आठ-दहा वर्षं निर्धास्त चाललं असतं. आता चाकच गेलं होतं. एचएमटीची घड्याळांची कंपनी २०१६ मध्ये बंद झाली, त्यामुळे नवं चाक मागवणं सोपं राहिलेलं नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून एक बंद जनता मिळवलं, त्याचं चाक काढलं आणि गुरुजींच्या घड्याळात बसवलं. ते दुसरं घड्याळही कुणाच्या तरी पहिल्या पगाराचं असणार. झाकणाच्या आत कुण्या जुन्या घड्याळजीने पेन्सिलीने दुरुस्तीची तारीख लिहिलेली होती.

सगळं धुऊन, तेल घालून, जोडून मशीनवर ठेवलं. झोका डायल वर २७५, कडेवर २४० च्या आसपास. आणि चाल? दिवसाला अडीच मिनिटं पुढे! कारण दांडी मी नेऊन ठेवली तिथेच होती, टोकाला. तिथून मागे आणत आणत मी ती जवळपास मूळच्या जागी आणली, तेव्हा चाल आली अधिक ११. मग पहिल्यांदा वही उघडली. पहिल्या पानापासून अधिक दहा, अधिक बारा, अधिक पंधरा. दांडीत कधीच काही बिघडलेलं नव्हतं. दोन्ही खेपांना मी जे 'दुरुस्त' केलं, ते दुरुस्तच होतं.

मजुरी घेतली नाही. गुरुजींना काय झालं ते या वेळी खरं सांगितलं, चाकाचं, खाचेचं, दांडीचं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहीत होतं की हो सगळं." रागावले असते तर सोपं गेलं असतं. मग विचारलं, "अधिक अकरा शून्यावर आणाल?" मी म्हटलं, "नको. हे याचं जुनंच आहे. याच आकड्यावर राहिलं तर तब्येत बरी आहे असं समजा. अकराचं वीस झालं किंवा शून्य झालं, आणि तसंच राहिलं, तर या." त्यांनी तेही लिहून घेतलं.

तेव्हापासून चावीच्या घड्याळाचा एकटा आकडा मी कधी वाचत नाही. जुनं जनता रोज वीस-तीस सेकंद पुढे जातंय, वर्षभर तेवढंच जातंय, तर मला काळजी नाही. एखादं महागडं स्विस कालपर्यंत अधिक दोन होतं आणि या महिन्यात उणे पंधरावर आलं, तर मात्र उघडून बघावं लागेल. आणि घड्याळ अचानक, एका दिवसात, मिनिटंच्या मिनिटं पुढे पळायला लागलं, तर तेलाचा विचार नंतर करायचा. आधी पडलं होतं का ते विचारायचं, मग चुंबक बघायचं. हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व आलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ सुसाट सुटतं. कंपास घड्याळाजवळ धरला आणि सुई डोलली की बहुधा कळतं. चुंबकत्व काढायचं यंत्र काही सेकंदांत काम करतं. अशी घड्याळं सर्व्हिसिंगला घेऊन मी पूर्वी पूर्ण मजुरी लावलेली आहे, हेही याच हिशेबात धरावं.

चुंबकाने माझी फजिती मात्र सेलच्या घड्याळात केली.

सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर क्वार्ट्झ घड्याळ घेऊन आल्या. नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो, म्हणून साधं, मोठ्या आकड्यांचं. "काका, आठवड्यात पाच मिनिटं मागे पडतंय." मी सेल बदलला. आठवड्याने परत, तेवढंच मागे. मी म्हटलं मशीन गेलं. क्वार्ट्झचं मशीन स्वस्त असतं, ते अख्खं बदललं. त्या पुन्हा आल्या. पाच मिनिटं.

इथे मी साधी त्रैराशिकं केली असती तरी वाचलो असतो. क्वार्ट्झमध्ये गारगोटीचा एक बारीक चिमटा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात, त्यामुळे पंधरा वेळा अर्धा केला की बरोबर सेकंदाला एक झटका उरतो, आणि त्या झटक्याने मोटर काटा पुढे ढकलते. साध्या घड्याळाला कंपन्या महिन्याला १५ ते २० सेकंदांची सूट देतात, म्हणजे दिवसाला अर्ध्या-पाऊण सेकंदाची. तापमानाने फरक पडतो. या चिमट्याला साधारण २५ अंश सेल्सियस मानवतं, त्याच्यापेक्षा थंड किंवा गरम, दोन्हीकडे तो थोडा मंदावतो. पण किती? पस्तीस अंशांत ठेवलं तरी दिवसाला सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. मनगटावर घड्याळ उबेत राहतं, म्हणून कपाटातल्यापेक्षा हातावरचं बहुधा बरं चालतं.

आता सिस्टरांचं बघा. आठवड्याला पाच मिनिटं म्हणजे दिवसाला जवळजवळ ४३ सेकंद. गारगोटी एवढी चुकूच शकत नाही. दिवसाला सेकंद-दोन सेकंदांचा फरक असता तर स्फटिकावर किंवा सर्किटवर संशय घेता आला असता. मिनिटांचा फरक आला की घड्याळ हळू चालत नसतं. ते मधूनमधून थांबत असतं. झटका येतो, पण काटा हलत नाही. मग शोध चालीचा नाही, थांबण्याचा घ्यायचा. सेल उतरलाय का, चाकांत घाण अडकलीय का, काटा काचेला किंवा दुसऱ्या काट्याला घासतोय का, की बाहेरून मोटरला कुणी धरून ठेवतंय. बऱ्याच घड्याळांत सेल संपत आला की सेकंदकाटा दोन-दोन सेकंदांच्या उड्या मारतो. ती खूण आहे, बिघाड नाही. सिस्टरांचा काटा तशा उड्या मारत नव्हता, सेल तर मीच नवा घातला होता.

माझं टेस्टर पूर्ण मिनिटभर मोजून दिवसाला अर्ध्या सेकंदाचा फरक दाखवत होतं. म्हणजे दुकानात घड्याळ उत्तम. मी त्या आकड्याकडे बघत होतो, आणि घड्याळ दुकानाबाहेर कुठे राहतं हे विचारत नव्हतो. शेवटी त्याच म्हणाल्या, "दिवसा बरोबर असतं. रात्री झोपताना मिळवलं तर सकाळी मागे."

"रात्री कुठे ठेवता?"

"मुलाच्या टॅबवर. त्याचं कव्हर मऊ आहे, काचेला चरे पडत नाहीत."

त्या कव्हरला झाकण बंद राहावं म्हणून लोहचुंबक असतात. क्वार्ट्झची मोटर स्वतःच एका इवल्याशा चुंबकावर फिरते. बाहेरचं चुंबक तिच्या अगदी जवळ आलं की तिचे झटके चुकतात किंवा ती थांबते, आणि बाजूला काढलं की काही झालंच नाही अशी चालायला लागते. मी कव्हर मागवून घेतलं, घड्याळ त्यावर ठेवलं, आणि एका ठरावीक कोपऱ्यात सेकंदकाटा जागच्या जागी थरथरताना आम्ही दोघांनी पाहिला. त्यांना हसू आलं. मला मशीनचे पैसे परत द्यावे लागले, आणि त्यांचं जुनं, निरोगी मशीन मी केव्हाच भंगारात टाकलेलं होतं.

पुढे दोनेक महिन्यांनी त्या दुसऱ्या कामाला आल्या, तेव्हा घड्याळ हातावर होतं. सहज म्हणाल्या, "आता महिन्याला सोळा सेकंद पुढे जातं, काका. तेवढं काढून देता?"

जुन्या क्वार्ट्झमध्ये त्यासाठी एक बारीक स्क्रू असायचा, या मशीनमध्ये तो नाही. असता तरी मी हात लावला नसता. म्हटलं, "महिन्याच्या एक तारखेला चावी बाहेर ओढा, सोळा सेकंद थांबा, आणि आत ढकला."

"एवढंच?"

"एवढंच. पैसे नाहीत त्याचे."

मुलगा शेजारी बसून ऐकत होता. त्या गेल्यावर म्हणाला, "बाबा, अशाने दुकान चालायचं नाही."